परतीच्या पाण्याचे बारा अंश

कापसाचे ते वाईट दिवस होते. यवतमाळला एका नव्या इस्पितळात थंड पाण्याची यंत्रणा बसवून झाली होती. ती डिझाइनप्रमाणे चालते का, ते मोजून रिपोर्ट लिहायला मला पाठवलं होतं. हिवाळा होता, रुग्ण अजून यायचे होते. रिकाम्या वॉर्डांतून हिंडताना छतामागच्या पाइपांची मंद घुमघुम ऐकू यायची आणि आपण कुणाच्या तरी झोपेतून चालतोय असं वाटायचं.

सोबत प्लांटवरचे ऑपरेटर काका होते. राळेगावकडचे, कापसातली सरकी काढणारी जिनिंग गिरणी बंद पडली म्हणून इथे लागलेले.

खालच्या मजल्यांवर आकडे जुळले. वर, ऑपरेशन थिएटरला गार हवा देणाऱ्या यंत्रापाशी अडलं. सेकंदाला सहा लिटर पाणी हवं, मीटरवर चारही भरेना. गाळणी धुतली, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, तरी तेच. काकांनी पाइपाला कान लावला.

"मॅडम, पाण्यासंगं हवा फिरून राह्यली आत."

पाइपाच्या सर्वांत उंच टोकाला हवा सोडायची छोटी तोटी होती. ती त्यांनी उघडली. बराच वेळ नुसतं फुस्स, मग पाण्याचे शिंतोडे, मग सलग धार. तोटी बंद केल्यावर आकडा चढत चढत पाच पूर्णांक आठवर स्थिरावला; एवढा फरक चालतो.

मग तापमान. जाणारं पाणी सात अंश, अगदी हवं तसं. इमारतीतली उष्णता घेऊन परतणारं बारा हवं होतं, ते होतं नऊ.

"बाराच लिहा," यंत्रणा बसवणाऱ्या ठेकेदाराचे साहेब म्हणाले. "सगळं चालतंय ना?"

"इमारत रिकामी, बाहेर थंडी. पाण्याने उचलायची उष्णताच नाही इथे. उन्हाळ्यात ही यंत्रणा पुरेल की नाही, ते आज मला सांगता येणार नाही."

मी नऊच लिहिलं. खाली 'अपूर्ण बाबी'त एक ओळ: मे महिन्यात, इमारत भरलेली असताना, पूर्ण भारावर पुन्हा चाचणी. साहेब तडक निघून गेले. परतताना मला उगाच अपराधी वाटत राहिलं.

मे महिन्यात मी पुन्हा चाचणीला गेले, तेव्हा वॉर्ड गच्च भरले होते. आणि जाणारं पाणी दहाच्या खाली उतरेना. काका मला गच्चीवर घेऊन गेले. यंत्रणेने उचललेली उष्णता बाहेर टाकणाऱ्या तिथल्या कूलिंग टॉवरमधून दमट गरम हवा वर यायला हवी होती. मी त्यावर हात धरला, तर हवा उलट आत ओढली जात होती. पंखा उलटा फिरत होता! हिवाळ्यात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मोटरच्या दोन वायरी आपसात बदलल्या की झालं," काका म्हणाले. इलेक्ट्रिशियनने बदलल्या.

दुपारपर्यंत जाणारं पाणी सातवर आलं, परतणारं बाराला टेकलं. चाचणी पूर्ण झाली म्हणून 'अपूर्ण बाबी'तली ती ओळ मी खोडली.

जिन्याने उतरताना, शस्त्रक्रिया झालेल्या बायांच्या वॉर्डातून एका म्हातारीने मला हाक मारली.

"बाई, एक चादर दे वं. मले थंडी वाजून राह्यली."

बाहेर डांबर वितळत होतं. मी तिला दोन दिल्या.