पुस्तकातून आज काढलेलं प्रकरण

मंडळी, आज मान खाली घालून लिहितोय.

फौजेतून निवृत्त झाल्यावर मी आठवणींचं पुस्तक लिहायला घेतलं, हे तुम्हाला माहीत आहे. त्यात नात्यातल्या एका वयस्कर बाईंच्या तरुणपणाची हकिकत होती. छापायला देण्याआधी ती त्यांना वाचून दाखवायला आज सकाळी साताऱ्याहून त्यांच्या घरी गेलो. नातं आणि गाव मुद्दामच सांगत नाही.

मी वाचत असतानाच त्या उठल्या आणि स्वयंपाकघराचं दार लोटून आल्या. आत सून होती.

मी म्हणालो, "आवं, नाव बदललंय, गाव पाटणकडचं केलंय. कोण ओळखतंय?"

"पुस्तकावर नाव तुझंच न्हवं का? मग घरातली समदी वळखतील. माझ्या पोरांस्नी ह्यातलं काय ठावं न्हाई रं. लिवायच्या आधी मला इचारलंस का?"

मी कागद गोळा करून उठलो.

घरी येऊन ते प्रकरण काढलं. तेवढ्यानं भागलं नाही. पुढं माझ्या वडिलांच्या रागाचं कारण म्हणून तीच गोष्ट डोकावत होती, आणि एका फोटोखालच्या ओळीतही. तेही काढलं. वडिलांचा राग आता पुस्तकात विनाकारण वाटेल. वाटू दे.

पण गेल्याच महिन्यात लिहिणाऱ्या मित्रांच्या बैठकीत मी ते प्रकरण वाचून टाळ्या घेतल्या होत्या. हे त्या बाईंना सांगायचं धाडस आज झालं नाही.

तुम्ही असता तर कोणत्या तोंडानं सांगितलं असतं?