टाचेचे आठ सेकंद

पंचेचाळीस सेकंद म्हणजे किती असतात, हे मला आता कुणी शिकवायला येऊ नये. मी मोहाडीत संगणकाचे वर्ग घेते आणि उरलेल्या वेळात फोनवर छोटे व्हिडिओ करते. मागवलेली वस्तू डब्यातून काढायची, हातात धरून पाहायची आणि पहिल्या झटक्यात जे वाटलं ते सांगून मोकळं व्हायचं. लोकांना वाटतं, डबा फोडला की झालं. डबा फोडायला अक्कल लागत नाही. अक्कल लागते ती तो कधी फोडायचा, हे ठरवायला. पंचेचाळीस सेकंदांत सावकाश बोललं तर ऐंशी-नव्वद शब्द मावतात. पहिल्या तीन सेकंदांत प्रश्न पडला नाही, तर बघणाऱ्याचा अंगठा पुढे सरकतो. म्हणून मी आधी स्क्रिप्ट लिहिते, मोठ्यानं वाचते, फोनवर वेळ लावते आणि कापत बसते.

गेल्या साली एका कंपनीनं रोवणीचे बूट पाठवायचं कबूल केलं. रोवणी म्हणजे धानाची लावणी. दिवसभर गुडघाभर चिखलात उभं राहायचं, आणि संध्याकाळी घरी येऊन बोटांच्या बेचक्यांत झालेल्या चिखल्यांना तेल-हळद लावत बसायचं. माझी आई गावातल्या दहा-बारा बायांचा गट घेऊन रोवणीला जाते. बूट येणार हे कळल्याबरोबर तिनं सगळ्यांना सांगून टाकलं, की माझी पोरगी दाखवणार आहे, चांगले निघाले तरच मागवा. बायांनी मान डोलावली. आईनं चांगलं म्हटलं की चांगलं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा हिशेब.

मी मन लावून स्क्रिप्ट लिहिली. पहिले तीन सेकंद फक्त आईचे उघडे पाय आणि माझा आवाज, की या पायांसाठी काहीतरी आलंय. मग चौदा सेकंद बंद डबा. कंपनीनं पाठवलाय, हे इथेच तोंडानं सांगायचं, खाली बारीक अक्षरात लपवायचं नाही. मग चिकटपट्टी कापल्याचा आवाज, आईचा हात झाकणावर, तिथे एक श्वास थांबायचं. मग बूट. मग तिचं तोंड. त्या तोंडासाठीच तर सगळा खटाटोप होता. नवी वस्तू बघताना माणसाचा चेहरा एकदाच तसा होतो, दुसऱ्यांदा तो आणता येत नाही.

कुरियरवाला आमच्या गावात शिरत नाही. तो फाट्यावरून फोन करतो. मी वर्गावर होते, म्हणून आई गेली. तिनं काय करावं? फाट्यावरच डबा फोडला, बूट पायात चढवले आणि शेजारच्या चिखलणी झालेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, उतरली. दोन-तीन ओळी रोवल्यासारखी चालून पाहिली, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाण्यात बूट धुतले, पुसले आणि डब्यात नीट भरून ठेवले. संध्याकाळी मी आल्यावर तिनं हे सगळं चहा गाळता गाळता सांगितलं.

मी भडकले. तिला म्हटलं, अगं, पहिल्यांदा उघडणं हाच तर व्हिडिओ होता, आता मी काय दाखवू. तिला माझा राग कळेचना.

"पायात घालून चिखलात गेल्याशिवाय काय समजते?" ती म्हणाली. "डब्याकडे पाह्यून मी बायाइले काय सांगू?"

मी ऐकलं नाही. हे मी इथे लिहून ठेवते, कारण पुढे मी दुसऱ्यांवर बरीच चिडणार आहे. मी डबा पुन्हा चिकटपट्टीनं बंद केला. दोन दिवसांनी पडवीत दारासमोर स्टूल मांडलं, त्यावर धानाचं पोतं, पोत्याला टेकवून फोन. आईला बसवलं आणि सांगितलं, की जणू तू हे पहिल्यांदा बघतेस. आईनं पट्टी कापली, झाकण उघडलं, आत पाहिलं आणि कॅमेऱ्याकडे सरळ तोंड करून म्हणाली, "हे त मी परवाच घालून पाह्यले." तिनं हे चार वेळा केलं. चौथ्या वेळी म्हणाली, की मले खोटं हासता येत नाही, तुले येत असंल त तू बस.

मग मला लाज वाटली आणि लाजेपाठोपाठ डोकंही चाललं. मी स्क्रिप्ट फाडली आणि नवी लिहिली. पहिले तीन सेकंद: "हा डबा माझ्या आधी माझ्या आईनं फोडला." बस्स, प्रश्न पडलाच. मग चौदा सेकंद डबा बंदच. कंपनीनं पाठवलाय, आई फाट्यावरूनच चिखलात गेली, आणि तिला दोन गोष्टी कळल्या. त्यानंतर दहा सेकंद डबा उघडून बूट: गुडघ्यापर्यंत उंच, हलके, वरून पट्टा. आठ सेकंद आईची पहिली गोष्ट, आठ सेकंद दुसरी. शेवटचे दोन सेकंद माझे: हंगामभर टिकतील का, माहीत नाही.

आईची पहिली गोष्ट अशी: "पाय कोरडे राह्यले. आतमंदी थेंब नाही गेला. मले लय बरं वाटलं."

दुसरी अशी: "पण आमी रोवतो त मागं मागं सरकत. मागं पाय टाकला का टाच चिखलात अडते, अन् बूट तिथंच राह्यते. हातात पऱ्हे असते, काढावं कशानं?"

पऱ्हे म्हणजे रोपं. मी इतकी वर्षं बांधावरून रोवणी बघत आले, पण हे माझ्या ध्यानात कधीच आलं नसतं. बूट पुढे चालण्यासाठी बनवलेला, आणि आमच्या बाया दिवसभर उलट्या चालतात. पुढच्या पावलाला बूट सुटून येतो, मागच्या पावलाला फसतो. इतकी साधी गोष्ट, आणि ती बूट बनवणाऱ्यांपैकी कुणालाही कळली नव्हती, कारण त्यांनी चिखल बहुतेक चित्रातच पाहिला असावा.

व्हिडिओ एका दमात झाला. आईला काहीच पाठ करावं लागलं नाही. घड्याळ लावून पाहिलं, पंचेचाळीस. ठरल्याप्रमाणे मी तो मंजुरीसाठी कंपनीकडे पाठवला.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून त्यांच्या मॅडमचा फोन आला. फार गोड बोलत होत्या. आई किती छान बोलतात, किती खऱ्या वाटतात, वगैरे. मग म्हणाल्या, "टाचेचं तेवढं काढू या. पण एखादी छोटी उणीव ठेवाच, त्यानं लोकांचा विश्वास बसतो. रंग दोनच आहेत, असं आईंना म्हणायला लावा."

खोटी स्तुती मागणारे मी पाहिलेत. त्यांचं मला काही वाटत नाही, त्यांना नाही म्हणता येतं. पण ही बाई माझ्या आईकडून खोटी तक्रार मागत होती. चिखल्यांनी पाय सोलून निघणाऱ्या बाईनं म्हणे रंगाची कुरकूर करायची, म्हणजे बाकीचं सगळं खरं वाटेल. खरेपणासुद्धा यांनीच लिहून द्यायचा, आणि तोही आमच्या तोंडून वदवून घ्यायचा. मी म्हटलं, टाच काढायची असेल तर बुटाची काढा, व्हिडिओतली निघणार नाही. मॅडम हसल्या आणि हरकत नाही म्हणाल्या. तुम्ही टाकू नका, आम्ही बघतो. मला वाटलं, विषय संपला.

आठवड्यानं कोंढ्याहून मावशीचा फोन आला. तिला कौतुक आवरेना, तुही माय टीव्हीतल्या बाईवाणी दिसून राहिली म्हणे. मी कंपनीचं पान उघडलं. आई होती. आमची पडवी, आमचं पोतं. माझं पहिलं वाक्य उडवलेलं. "पाय कोरडे राह्यले, मले लय बरं वाटलं", आणि तिथे आई कापलेली. टाचेच्या आठ सेकंदांत बूट एका पांढऱ्या फळीवर गोल फिरत होता, मागे बासरी. माझे शेवटचे दोन सेकंदही गायब, आणि तिथे लिहिलेलं, हंगामभराची खात्री. वेळ तेवढीच, पंचेचाळीस सेकंद.

मी फोन केला, आरडाओरडा केला. मॅडमनी शांतपणे मला आमच्या करारातली ओळ वाचून दाखवली. आलेल्या चित्रणात योग्य ते बदल करून वापरण्याचा हक्क त्यांचा. मी सही केली होती, न वाचता. रोज पोरांना शिकवते, की टिचकी मारण्याआधी वाचा. मी पुन्हा म्हटलं, माझी आई असं बोललीच नाही. त्या म्हणाल्या, पण प्रत्येक शब्द त्यांचाच आहे. आणि हे खरं होतं, म्हणूनच माझा जास्त संताप झाला. रात्री मी आमचा अख्खा व्हिडिओ माझ्या पानावर टाकला, पण त्यांचा तोवर गावभर फिरून आला होता.

रोवणीच्या दिवशी मी सुट्टी घेऊन बांधीवर गेले. आईच्या गटातली सगळ्यात धाकटी बाई नवे बूट घालून आली होती. कंपनीचा व्हिडिओ बघून तिनं ते मागवले, आईला विचारलंही नव्हतं. विचारायचं कशाला, आईनं व्हिडिओत स्वतःच तर सांगितलं होतं. दुसऱ्या ओळीतच तिचा डावा बूट चिखलात राहिला. हातातली पऱ्ह्यांची पेंडी तिनं पाण्यात ठेवली, दोन्ही हातांनी बूट ओढला, तोल गेला आणि ती समोरच्या रोवलेल्या ओळीवर पडली. ओळ मोडली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिनं दोन्ही बूट काढून बांधाच्या धुऱ्यावर उभे ठेवले आणि अनवाणी उतरली. एरवी जेवताना आईला खेटून बसणाऱ्या बाया त्या दिवशी थोड्या लांब बसल्या.

आईनं भाकरी तशीच मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे वळली.

"मी टाचेचं सांगतलं होतं ना?" तिनं हळूच विचारलं. "का मलेच वाटून राह्यलं का सांगतलं म्हणून?"

तिला स्वतःच्याच तोंडाची शंका आली होती. मला रडूही आलं आणि त्या पुण्याच्या फोनमध्ये हात घालून कुणाचं तरी बखोट धरावंसंही वाटलं. मी उठले, फोन काढला आणि बायांच्या मधोमध धरून अख्खा व्हिडिओ लावला. त्यांनी तो डोकी जुळवून शेवटपर्यंत पाहिला. टाचेचे आठ सेकंद आल्यावर धाकटीनं परत लावायला सांगितला. परत पाहिला.

मग ती उठली आणि आईजवळ जाऊन बसली. आपल्या डब्यातलं लोणचं तिनं आईच्या भाकरीवर ठेवलं.

"तुह्या मायचं तोंड वापरलं त्याइनं," ती मला म्हणाली.

मी हो म्हटलं. आई भाकरीचा तुकडा मोडत होती. डबा पुन्हा चिकटपट्टीनं बंद करून तिला कॅमेऱ्यासमोर सगळ्यात आधी कुणी बसवलं होतं, हे तिनं त्या बायांना सांगितलं नाही. आजपर्यंत सांगितलेलं नाही.