घोरत होतीस, इतकंच

बोईसरच्या एमआयडीसीत औषधांचं पॅकिंग होतं, तिथे मी लाइन सुपरवायझर आहे. मनोरकडची एक मुलगी माझ्या सीलिंग मशीनवर होती. कामाला चोख, बोलायला कमी. एका दुपारी तिची मान डावीकडे वळली, ती ओरडली आणि ताठ होऊन कोसळली. हातपाय झटके देऊ लागले.

मी मशीन बंद केलं, खोकी पायानेच बाजूला सारली, ॲप्रन घडी करून तिच्या डोक्याखाली सरकवला. तोवर एकीने चप्पल नाकाशी आणली होती, दुसरी डब्यातला चमचा घेऊन वाकली होती आणि लोडर तिचे हात दाबून बसला होता.

"दीदी, पकडना पड़ता है!"

"सोड आधी. हाड मोडशील तिचं."

"ताई, जीभ गिळंल ना ती!" चमचेवाली म्हणाली.

"जीभ कुणालाच गिळता येत नाही. तुला आली असती तर लाइन शांत झाली असती. दात पडतील तिचे, ठेव तो."

आत मोबाईलला बंदी, म्हणून भिंतीवरच्या घड्याळावर नजर ठेवली. तिला असं होताना आम्ही सगळे पहिल्यांदाच पाहत होतो, म्हणून वॉचमनला लगेच १०८ ला फोन करायला पाठवलं. खोक्याच्या पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलं: तीन दहाला सुरू, मान डावीकडे, दोन्ही हातपाय, सव्वातीनच्या आत थांबलं. झटके थांबताच तिला कुशीवर वळवलं. सलवार ओली झाली होती. पुरुषांना बाहेर काढलं आणि तिच्यावर गाऊन टाकला. पाणी घेऊन आलेलीला परत पाठवलं. पूर्ण शुद्ध येईपर्यंत घोटही द्यायचा नसतो.

"कुनी बघितलं?" जरा भानावर येताच तिने विचारलं. "आता काढतील मला."

हॉस्पिटलात कळलं, फिटच्या गोळ्या आधीपासून चालू होत्या. आदल्या आठवड्यातल्या नाइट शिफ्टमध्ये झोप नाही, गोळ्या चुकल्या. कामाला लावणाऱ्या कंत्राटदाराला कळू नये म्हणून ती लपवून घ्यायची. डॉक्टरांनी पुठ्ठा वाचला, एवढं नीट कुणी सांगत नाही म्हणाले आणि चिठ्ठी दिली: काम चालेल, नाइट नको, मशीन नको.

"पुन्हा झालं तर?" मॅनेजरने विचारलं.

"काय करायचं ते आता सगळ्या लाइनला ठाऊक आहे, साहेब. हिला काढलं तर नवीन मुलीला सगळंच पहिल्यापासून शिकवावं लागेल."

तिला दिवसपाळीत लेबल तपासायला बसवलं. पहिल्या दिवशी सकाळच्या चहाला ती माझ्याजवळ सरकली.

"ताई, मी कशी दिसते तवा? घरी इचारलं तर नुसती रडतात."

तिला ते कधीच दिसणार नव्हतं. मी काही न गाळता, क्रमाने सांगितलं. "आणि शेवटी घोरत होतीस, इतकंच."

"लय जोरात?"

"माझ्या नवऱ्यापेक्षा कमी, बाय."

बाकावरच्या सगळ्या हसल्या, तीही. मग तिने पिशवीतून गोळी काढली आणि सगळ्यांच्या देखत पाणी मागितलं.