बाबांची पाळी

एका मिनिटाचं बोलणं कागदावर उतरवायला अख्खी दुपार जाते, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी भाषाशास्त्राच्या वाटेला गेलेच नसते. गेले, आणि फसले. बदलापुरात बेलवलीला आम्ही राहायचो. सकाळी उल्हासनगरच्या कॉलेजात शिकवायचं, घरी येऊन बाबांना अंघोळ घालायला आईला हात द्यायचा, आणि मग कानाला हेडफोन लावून कॅसेट मागेपुढे करत बसायचं. प्रबंधाचा विषय होता रोजचं बोलणं: एकाची पाळी कुठे संपते, दुसऱ्याची कशी सुरू होते, बोलताना चुकलं तर ते कोण निस्तरतं. आई म्हणायची, बोलतात कसं हे शिकायला पोरगी विद्यापीठात जाते, बाई गं.

कॅसेटी दोन तऱ्हेच्या होत्या. काही उल्हासनगरच्या एका कापडाच्या दुकानातल्या. तिथला सिंधी शेठ गिऱ्हाइकाचं वाक्य संपायच्या आत उत्तर द्यायचा, आणि तरी कुणाला राग यायचा नाही. बाकीच्या आमच्या घरच्या, जेवतानाच्या. टेप करायचं मशीन फळीवर असायचं. सुरुवातीला आई त्याच्यासमोर पदर सावरून बोलायची, पुढे विसरली.

बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवा हात गेला आणि शब्द गेले. समजायचं सगळं, पण बोलायला जावं तर शब्द सापडायचा नाही, किंवा भलताच तोंडात यायचा. जन्मभर अंबरनाथच्या कारखान्यात पाळ्या केलेला आणि सुट्टीच्या दिवशी खरवईला भात लावणारा माणूस. त्याच्याजवळ आता एक ‘हो’ तेवढा शिल्लक होता, आणि कधीमधी एखादा सुटा शब्द.

माझा भाऊ वापीला असायचा. मला त्याला दादाच म्हणायची सवय. आईबाबांना तिकडे न्यायचं त्याने ठरवलं होतं. मोठं क्वार्टर होतं, जवळच दवाखाना होता, वहिनीही मनाने चांगली. तो आला की विचारायचा, “बाबा, येणार ना वापीला?” बाबा म्हणायचे, “हो.” आई लगेच म्हणायची, बघा, तयार आहेत. पुढच्या रविवारी तो टेम्पो घेऊन येणार होता. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं होतं. मी इतकी दमले होते, की कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसल्या बसल्या डोळा लागायचा.

आणि त्याच आठवड्यात नेमकी दादा मागे आला होता तेव्हाची जेवणाची कॅसेट उतरवायला घेतली.

कॅसेटवर आई विचारते, चहा टाकू? तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आत बाबांचा ‘हो’ येतो, अगदी अंगावर चढून. कागदावर मी दोन्ही ओळींना चौकटी कंस घातले, म्हणजे हे एकावर एक पडलं. मग दादा विचारतो, येणार ना वापीला? त्यानंतर काहीच नाही. नुसती शांतता, त्यात बाबांचा आत ओढलेला श्वास, ‘अं’ आणि मग ‘हो’. त्या ‘हो’च्या शेपटावर आई बोलायला लागलेली. मी ते पाच-सहा वेळा ऐकलं.

आमच्या विषयात हे पहिल्या वर्षीच शिकवतात. प्रश्न आला की उत्तराची जागा तयार होते. समोरच्याला हवं ते उत्तर असेल तर ते पटकन येतं. नकार असेल तर तो अडखळत, श्वास घेत, उशिरा येतो. त्यात प्रश्नाला ‘ना’ जोडला की ‘हो’ म्हणणंच सोपं. पण बाबांचा उशीर आजाराचा असेल, असंही मनात आलं. मग चहाला का नव्हता?

आणखी एक दिसलं. दादा एकदा ‘मंगळवारी’ म्हणाला, थांबला, ‘बुधवारी’ म्हणाला. सगळे गप्प होते, त्याची चूक त्याला सुधारू दिली. धडधाकट माणसाला एवढी जागा सगळेच देतात. बाबांनी मात्र पाण्याला भाकर म्हटलं की आई, दादा आणि मी तिघं मिळून तुटून पडत होतो, पाणी, पाणी म्हणायचंय त्यांना. जो अडखळतो त्याच्या हातून आधी त्याची पाळी जाते. शिकवायला मी हे शिकवत होते, आणि घरात माझाच आवाज सगळ्यात मोठा.

माझी खात्री पटली की बाबांना जायचं नाही. संताप आला, स्वतःचाही. आणि खोटं कशाला बोलू, भीतीही वाटली. ते गेले नाहीत तर पुन्हा सगळं माझ्याच गळ्यात.

रविवारी दादा आला. टेम्पोवाला बाहेर बिडी ओढत होता. मी म्हटलं, एकदा नीट विचारू या, आणि ते बोलेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. दादा वैतागला. किती वेळा विचारायचं, म्हणाला. पण बसला. मी बाबांसमोर बसले आणि ‘ना’ न लावता विचारलं, “बाबा, वापीला जायचं, की इथे राहायचं?”

शांतता. बाबांनी श्वास ओढला. आईचे ओठ हलले, मी तिचा हात दाबला. दादा चुळबुळला. बोलण्यात एवढी पोकळी राहिली की जीव कासावीस होतो, काहीतरी टाकून ती बुजवावीशी वाटते. मी दात आवळून बसले.

बाबा म्हणाले, “तू?”

नकार नव्हताच तो. त्या श्वासामागे इतके दिवस एक प्रश्न अडकला होता. कुणी जेवायला बोलावलं की आपण नाही का विचारत, कोण कोण आहे, आणि मग सांगतो, येतो की नाही? आधी त्याचं उत्तर मिळायला हवं, मगच मूळ प्रश्नाचं देता येतं. प्रबंधात अशा मध्येच घुसलेल्या प्रश्नोत्तराच्या जोडीवर मी एक पूर्ण प्रकरण लिहिलं होतं. घरात ती जोडी सुरू व्हायच्या आतच आम्ही दर वेळी बोलून मोकळे होत होतो.

आता उत्तर मी द्यायचं होतं. मला वेळ लागला. म्हटलं, “मी इथेच, बाबा. नोकरी आहे नं—”

“मग नाय.”

माझा शब्द संपू दिला नाही. पटकन, चहाच्या ‘हो’सारखं. नकार उशिरा येतो, हा आमचा नियम त्यांनी धाब्यावर बसवला. दादाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच पढवून ठेवलंय. मग उठून टेम्पोवाल्याला सांगायला बाहेर गेला.

बाबा अजून माझ्याकडे बघत होते. त्यांनी पुन्हा श्वास घेतला. आम्ही दोघी थांबलो. शब्द शोधत त्यांचे ओठ दोनदा चुकले, तरी कुणी मदत केली नाही.

“तू... थकतंस.”

असं कुणी म्हटलं की लगेच ‘छे, कुठे!’ म्हणायचं असतं. जरा थांबलं तरी ते कबूल केल्यासारखं होतं. मी थांबले. माझ्याच्याने छे म्हणवेना. डोळे भरून आले होते, आणि त्यांच्याइतकं शांतता ऐकणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं.

“हो बाबा,” मी म्हटलं, “थकते.”

त्यांनी मान हलवली आणि डाव्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं. मग आईने विचारलं, चहा टाकू? तिचा प्रश्न अर्धाच झाला होता, तोवर बाबांचा ‘हो’ आलाही.