चावी डावीकडे

फोनवर फोटो बघून ग्रामोफोन असली की नकली हे सांगायचा मला नाद आहे. नाद कसला, माजच म्हणा. आयुष्यभर भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काढलं, हाताला बारीक कामाची सवय. रिटायर झाल्यावर काळेवाडीतल्या घराच्या गॅलरीत एक टेबल टाकलं आणि जुने ग्रामोफोन दुरुस्त करायला लागलो. मग कुणीतरी जुन्या वस्तूंच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर घेतलं, आणि मी तिथला जज्ज होऊन बसलो. लोक फोटो टाकायचे, मी निकाल द्यायचो. बायको म्हणायची, "त्या फोटोतल्या डब्यांकडं बघता तसं एकदा गॅसच्या शेगडीकडं बघा की." मी काय ऐकतोय!

आता हेही खरं की बाजारात नकली मालाचा सुळसुळाट आहे. नवा चकाचक पितळी कर्णा, नवी लाकडी पेटी, आणि आत कुठल्यातरी पेटीवजा जुन्या ग्रामोफोनचं मशीन कोंबलेलं. लोक हौसेनं घेतात, वाजत मात्र नाही धड. असा माल लांबून ओळखायच्या माझ्या दोन-चार खुणा होत्या. त्यातली आवडती खूण म्हणजे चावी. मी हाताळलेल्या कर्ण्याच्या असली मशीनांना चावी उजव्या बाजूला होती. का, तर माणूस समोर उभा राहतो आणि उजव्या हातानं चावी भरतो. जोडकाम करणाऱ्याला याचं काय पडलंय? आतलं मशीन जसं बसेल तसं बसवतो आणि चावी निघेल तिथून भोक पाडतो.

गेल्या उन्हाळ्यात ग्रुपवर एका मुलीनं फोटो टाकला. तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरीला आहे, घरही तळवड्यातच, जुन्या गावठाणात, असं तिनं लिहिलं होतं. फोटोत स्टुलावर ग्रामोफोन आणि शेजारी खुर्चीत तिची आजी. नऊवारी, डोक्यावरून पदर, एक हात पेटीवर. खाली मजकूर होता: "आजोबांचा आहे. बंद पडलाय. आजीला एकदा ऐकायचाय. दुरुस्त होईल का?"

मी फोटो बोटांनी मोठा केला. कर्णा पितळी, चकचकीत. पेटीच्या डाव्या कडेला लाकडाचं एक ठिगळ. चावी डावीकडे. साउंडबॉक्सची, म्हणजे सुई धरणाऱ्या गोल डबीची, नळीसुद्धा डावीकडे टेकवलेली. बास! मी लिहिलं: "डुप्लिकेट. चावी डावीकडे. आजोबांना कुणीतरी टोपी घातली." पुढे हसणारे दोन पिवळे चेहरे. लोकांनी अंगठे दाखवले. एकानं लिहिलं, "काकांची नजर म्हणजे नजर!" मी चहा प्यायलो आणि विसरून गेलो.

तिनं विचारलं होतं दुरुस्त होईल का. मी भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं होतं.

पावसाळा सरला आणि एका लग्नाहून परत येताना आम्ही चाकण रोडवर एका मिसळवाल्याकडे थांबलो. नवीन हॉटेल, जुना थाट. भिंतीवर कंदील, सूप, जाती. आणि गल्ल्याशेजारी ग्रामोफोन. कर्ण्यात प्लास्टिकची फुलं, पेटीत निळ्या लाइटची माळ. माझा हात सवयीनं पेटीवर गेला. कडेला लाकडाचं ठिगळ. ते कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं, पण हे ठिगळ उजव्या कडेला, आणि चावीही उजवीकडे.

मालक खूश झाला. "काका, शौक आहे वाटतं? तळवड्याच्या एका घरातनं फुकट मिळाला बघा. डुप्लिकेटच आहे म्हणे. कुणीतरी मोठा जाणकार आहे, त्यानं नुसता फोटो बघून सांगितलं!"

मिसळ समोर आली होती. बायकोनं विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी मिसळ बाजूला सारली. फोन काढला आणि ग्रुपवर मागे मागे जात तो फोटो शोधला. तोच कर्णा, तेच ठिगळ, पण चावी डावीकडे. समोर बघतोय तर उजवीकडे. मी दोनदा चष्मा पुसला.

फोन बायकोपुढे धरला. तिनं एक घास खाल्ला, फोटोकडे बघितलं आणि म्हणाली, "अगंबाई, यांचा पदर उजव्या खांद्यावर कसा? सेल्फी असणार. आपल्या नातवाच्या फोनमध्ये नाही का सगळं उलटं येतं, आरशासारखं."

नऊवारी नेसलेल्या बाईचा पदर डाव्या खांद्यावर असतो, हे मला काय माहीत नव्हतं? आईचा तसाच होता, आजीचा तसाच होता. त्या पोरीनं आजीसोबत सेल्फी काढला असणार, स्वतःला कापून टाकलं असणार आणि उरलेला फोटो पाठवला असणार. मी चावी बघितली, ठिगळ बघितलं, कर्ण्याची चकाकी बघितली. शेजारी बसलेल्या माणसाकडे ढुंकूनसुद्धा बघितलं नाही. लाज वाटली हो, खरंच लाज वाटली.

मालकाला विचारून पेटीचं झाकण उघडलं. कर्णा तेवढा नंतर बदललेला होता. पेटी जुनी, घडणावळ अस्सल, मशीनच्या स्क्रूची भोकं मूळची, नवं एकही पाडलेलं नाही. आत मात्र काहीच नव्हतं. चावी नुसती भोकात खोचलेली.

"मशीन कुठंय?"

"ते काढलं ना राव, लाइट बसवायला. भंगारवाल्यानं नेलं. लय वजनदार होतं."

वजनदार असणारच. चावी भरली की त्या मशीनमधल्या गोल डब्यात पोलादी पट्टी आवळत जाते, तीच स्प्रिंग. ती हळूहळू सुटते आणि दातेरी चाकांतून वरची थाळी फिरवते. स्प्रिंग एकदम धावत सुटू नये म्हणून तिच्यावर एक राखणदार असतो, गव्हर्नर. बारीक पट्ट्यांवर तीन वजनं. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, पट्ट्या वाकतात, त्यांना जोडलेली चकती सरकून चामड्याच्या तुकड्याला घासते आणि वेग आवरतो. वर सुई तबकडीच्या खाचेत थरथरते, ती थरथर साउंडबॉक्समधल्या अभ्रकाच्या चकतीला लागते आणि पोकळ नळीतून कर्ण्यात मोठी होऊन बाहेर पडते. विजेचा पत्ता नाही. बंद पडायला बहुतेक वेळा कारण एवढंच, स्प्रिंग तुटलेली असते. ती बदलणं माझ्या हातचं काम. म्हातारीला तिचं गाणं ऐकवता आलं असतं.

मालकाकडून ती चावी मागून घेतली. "नुसती चावी काय करणार?" तो हसला. नंतर भंगारवाल्याकडेही जाऊन आलो. तो म्हणाला, माल कधीच भट्टीला गेला.

ग्रुपवरून त्या मुलीला निरोप टाकला आणि रविवारी तळवड्याला गेलो. बायकोला चल म्हटलं तर म्हणाली, "निकाल एकट्यानं दिलात ना? मग एकट्यानंच जा." बरोबरच होतं तिचं.

मुलगी कामात होती, दार उघडून आत गेली. आजी ओसरीवर गवार मोडत बसल्या होत्या. पदर डाव्या खांद्यावर. मी आधी तेच बघितलं. वरती भिंतीवर आजोबांचा फोटो. हार नाही, आणि काचेवर धूळ. बाकी घर एवढं लख्ख की ती धूळ डोळ्यांत भरत होती.

"मावशी, मी तो... ग्रामोफोन खोटा आहे म्हणणारा."

"व्हय का? बसा की." रागावल्या नाहीत, तेच जड गेलं. "तुमी सांगितलं ते बरं केलं. आमच्या लग्नात मांडवात रिकाट वाजली व्हती, तेच मशीन आनलंय, असं सांगून त्यांनी घरात आनलं व्हतं. वाजवणाऱ्याकडनं धुंडून आनलं म्हनाले. मी आपली येड्यावानी हळदकुंकू लावायची त्याला. आता पोरं हसत्यात, आजोबांनी आजीला गंडवलं म्हनून."

"मावशी, ऐका..."

"रोज सकाळी मी त्यांच्या फोटुसंग बोलायची. काय केलं, काय शिजवलं. तवापासनं अबोला धरलाय. जित्तेपणी कवा खोटं बोलले न्हाईत असं वाटायचं, आन एवढ्याशा गोष्टीत फशिवलं. हारबी काढून ठिवला." त्यांनी एक शेंग मोडली. "लय दिस झालं भाऊ, बोलले न्हाई त्यांच्याशी. जीभ जड झालीया."

मी फोन काढला. ग्रामोफोनशेजारचा त्यांचा फोटो दाखवला, पदर दाखवला. "हा बघा कुठल्या खांद्यावर आहे." त्यांनी फोटोकडे बघितलं, मग आपल्या खांद्यावर हात नेऊन चाचपलं. पुन्हा फोटोकडे बघितलं. मी सांगत गेलो, फोटो उलटा आला, चावी उलटी दिसली, मी गाढवासारखा बोललो. कर्णा तेवढा दुसरा बसवलेला, बाकी सगळं अस्सल. आजोबांनी फसवलं नव्हतं. चुकलो तो मी.

"म्हंजी ते खोटं बोलले न्हवते?"

"मांडवातलं तेच मशीन होतं का, ते मला नाही सांगता यायचं. पण नकली नव्हतं. त्यांच्यावर अविश्वास धरायला कारण नव्हतं, ते मी दिलं."

 आजींनी हातातली शेंग सुपात टाकली, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि पदरानं भिंतीवरच्या फोटोची काच पुसली. पुसता पुसता त्यांचे ओठ हलले, पण शब्द बाहेर येईना. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मला काय सांगता? त्यांना सांगा. त्यांच्यावर आळ घेतला व्हता तुमी."

मी फोटोसमोर उभा राहिलो. साठी ओलांडलेला माणूस, शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखा. हात जोडले आणि म्हणालो, "बाबा, माफ करा. तुमचं मशीन असली होतं."

"होतं?"

पाठीमागून आजींनी विचारलं. अगदी हळू आवाजात. ग्रामोफोन परत आणायला घरच्यांना आजच धाडते, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर आलं होतं, आणि ते तिथंच थांबलं.

मी खिशातून चावी काढून त्यांच्यासमोर धरली. दुसरं काही माझ्यापाशी नव्हतंच. त्यांनी ती घेतली, उजव्या हातात.