वजू तुटला, असं मी म्हणाले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट कळत नाही.

माझी भाभी, सलमा, रत्नागिरीकडची. लग्न होऊन सेलूला आली. भाई जिनिंगमध्ये कामाला. रत्नागिरीकडचे बहुतेक मुसलमान शाफई, आम्ही हनफी. दोघंही सुन्नीच, पण नमाजच्या बारीकसारीक गोष्टी वेगळ्या. भाभी रुकूत, म्हणजे कमरेत वाकायला, जाताना हात उचलायची. असरची, दुपार कलल्यावरची, नमाज आमच्या आधी पढायची — सावली वस्तूइतकी लांब झाली की त्यांची वेळ होते, आमची दुप्पट झाल्यावर. अम्मी म्हणायची, "हिची घाईच लय." आणि भाईच्या हातून चहाचा कप घेताना बोटाला बोट लागलं, तर भाभी पुन्हा वजू करायची — नमाजआधीचं हात-तोंड-पाय धुणं. शाफई मजहबात, म्हणजे त्यांच्या पंथात, नवऱ्याच्या स्पर्शानंही वजू तुटतो, आमच्यात नाही. आम्ही हसायचो.

त्या वर्षी आम्ही दोघी एकाच परीक्षेला बसणार होतो. मुलींच्या मकतबमध्ये, म्हणजे दीनच्या शाळेत, शिकवायची एकच जागा होती. भाभी हुशार — किती हुशार, हे मला रोज समोर दिसायचं. सुन्नींच्या चार मजहबांचा तक्ता तिनंच आखला होता. वजूत डोक्यावर ओला हात किती फिरवायचा? हनफींत पाव डोकं, शाफईंत थोडासा भागही पुरे, मालिकी आणि हंबलींत पूर्ण डोकं. उंटाचं मटण खाल्लं तर? फक्त हंबलींत वजू तुटतो. रक्त वाहिलं तर? हनफींत तुटतो, हंबलींत जास्त वाहिलं तरच, मालिकी आणि शाफईंत तुटत नाही. हा शेवटचा भाग माझ्या डोक्यात राहत नव्हता. तिनं तीनदा म्हणवून घेतला. सकाळी.

त्याच दुपारी ती विळीवर भेंडी चिरत होती. बोट कापलं, रक्त टपटप खाली पडलं. तिनं बोट धुतलं, चिंधी बांधली आणि असरला उभी राहिली. वजू जोहरचा, आधीच्या दुपारच्या नमाजचाच होता. तिच्या मजहबाप्रमाणे काहीच चुकलं नव्हतं.

अम्मी दारातून बघत होती. नमाज संपेपर्यंत थांबली, मग मला म्हणाली, "शाहीन, तू शिकायलीस ना? रगत आलं अन् ही तशीच उभी ऱ्हायली. चालतं का हे?"

मला उत्तर येत होतं. सकाळीच पाठ झालं होतं — तिच्याच तोंडून!

मी म्हणाले, "न्हाई अम्मी. वजू तुटला. कोणत्याच मजहबात चालत न्हाई."

"कोणत्याच" हा शब्द कुठून आला? आमच्यात चालत नाही, एवढं म्हणाले असते तर ते खरं तरी ठरलं असतं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. हे मी बोलले? भाभीनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता — आपल्या कानांवर विश्वास बसत नसल्यासारखी ती बघत राहिली. एक शब्द बोलली असती, तर मी खोटी पडले असते. ती उठली, वजू केला आणि अम्मीसमोर नमाज पुन्हा पढली.

अम्मीनं रात्रीच भाईला सांगितलं, "जिला वजू कळंना, ती पोरींना काय शिकवणार?" भाभीचं परीक्षेचं कार्ड कपाटात गेलं.

मी एकटीच परभणीला गेले. पेपर उघडला. तिसराच प्रश्न — रक्त वाहिल्यानं वजू तुटतो का, चारही मजहबांची मतं लिहा. वाटलं, कुणीतरी मला पकडायलाच हा प्रश्न घातलाय. सोडून द्यावा? नाही सोडला. सगळं बरोबर लिहिलं, शाफईंचं मत तर सविस्तर. ती जागा मला मिळाली. आजही तिथंच शिकवते. भाभी पुन्हा कधी परीक्षेला बसली नाही.

अम्मी दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटचे चार महिने भाभीनंच तिचं सगळं केलं — न्हाणं, कपडे, भरवणं. एका सकाळी केस विंचरून घेताना अम्मी तिला म्हणाली, "तू लय चांगली निघालीस. शाहीन होती म्हून तुझी नमाज सुधारली."

भाभीचा फणीवाला हात थांबला.

"हो, अम्मी," ती म्हणाली आणि विंचरत राहिली.

मी तिथंच, पलंगाच्या पायथ्याशी, चादरीची घडी घालत होते. मी सगळं ऐकलं. आणि घडी घालत राहिले.