अर्धं सोडलेलं वाक्य

विद्युल्लताबाई आमच्या शाळेत मराठी शिकवायच्या आणि रविवारी, आमच्या यंत्रमागांच्या गावात, निजामपुऱ्याजवळच्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्हा हौशी लेखकांचे कान उपटायच्या. मी बँकेत कारकून. चार ओळी लिहून सहा फाडणारी. बाईंना फाडाफाडीचा भयंकर राग.

"सुचेता, लूमवाला कापड विणतानाच डाग शोधत बसतो का गं? आधी विणतो, डाग मग घडीच्या वेळी बघतात. लिहायचं आज, शंका काढायच्या रविवारी. तेव्हा मी आहेच."

कोरा पांढरा कागद त्या हातात देतच नसत. चाचणीच्या जुन्या पेपरांची मागची बाजू द्यायच्या. वाया जायचंच ते, मग भीती कशाला? आणि कुणी 'आजी फार प्रेमळ होती' असं लिहून आणलं की संपलंच. "प्रेमळ म्हटलंस की आजी दिसेनाशी झाली. ती काय करायची ते लिही."

त्यांचं सगळ्यांत लाडकं सांगणं वेगळंच होतं. लूमवरचा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, संपत आला की जुने धागे मुळापासून काढत नाहीत. टोकं ठेवतात आणि नव्या बीमचा एकेक धागा त्यांना गाठतात. "तसं वाक्य अर्धं टाकून उठायचं. उद्या बसलात की कोऱ्या कागदाशी झुंजायला नको, टोक हातात असतं." मी करून पाहिलं. खरंच हात चालायला लागला.

अशा बाईंचा एकुलता एक मुलगा, हरी, कॉलेजात असताना काविळीने गेला. त्यानंतर त्या घरात त्याचं नावच निघेना. बाई रविवारी यायच्या, आम्हाला लिहितं करायच्या, स्वतः अक्षर लिहीत नव्हत्या.

एक्याण्णवच्या सुमारास त्यांचे यजमान चिंतामणीकाका अंथरुणाला खिळले. कोर्टात नोकरी केलेला मितभाषी माणूस. साखरेने डोळे गेले होते, हृदय थकलं होतं. एका संध्याकाळी माझ्यासमोरच म्हणाले, "विद्या, हरीबद्दल काहीतरी लिही. मला ऐकायचंय. आता वाट बघण्याइतकी ताकद नाही."

बाईंनी बाजारातून जाड पांढरे कागद आणले. नवं पेन आणलं. मी जाईन तेव्हा टोपली बोळ्यांनी भरलेली. 'माझा हरी' एवढंच लिहून फाडलेलं. "त्याच्या तोलाचं वाक्यच सुचत नाही गं," म्हणाल्या, आणि आमच्या कडक बाई रडायला लागल्या.

मला रडणं सोसत नाही, राग येतो. मी ते गुळगुळीत कागद उचलून कपाटावर टाकले आणि सहामाहीचे पेपर उलटे करून पुढ्यात ठेवले. "बाई, तोलाचं रविवारी बघू. तो जेवायचा कसा ते लिहा."

त्यांनी पेन धरलं. मग लिहिलं आणि वाचलं, 'हरी पोळीचा वरचा पापुद्रा आधी सोलून खायचा.'

"आणि खालची जाड पोळी माझ्या ताटात," आतून काका म्हणाले. इतक्या वर्षांनी त्या घरात हरीवरून कुणीतरी हसलं.

मग रोज पानभर व्हायला लागलं. हरीने रेडिओ उघडून बिघडवला ते, कशेळीच्या खाडीवर चप्पल हरवून आला ते. बाई मागचं वाचून न बघता लिहायच्या, संध्याकाळी काकांना वाचून दाखवायच्या आणि वाक्य अर्धं ठेवून उठायच्या. काका कुरकुरायचे, पण सकाळी आपणच आठवण करून द्यायचे. मला वाटलं, घर सावरलं.

शेवटचं पान हरी दवाखान्यात गेला त्या दिवसाचं होतं. काका तेव्हा ड्युटीवर होते, घरातून निघतानाचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. बाईंनी वाचलं, 'पाऊस होता. रिक्षा दारात होती. उंबऱ्यावर थांबून हरी म्हणाला, आई...'

"काय म्हणाला?"

"उद्या," बाई म्हणाल्या. नेहमीसारख्याच.

पहाटे काका झोपेतच गेले.

दिवसकार्य झाल्यावर मी गेले, तर बाई कागद घेऊन काकांच्या खाटेपाशी बसलेल्या. मला म्हणाल्या, "इथं बस, त्यांच्या जागी." मी बसले. त्यांनी वाक्य पुरं केलं आणि वाचलं.

'आई, बाबांना सांग, त्यांची छत्री मी नेतोय. शोधत बसतील.'

 निरोप काकांसाठी होता. बाईंनी तो शेवटच्या पानासाठी राखून ठेवला होता.

पुढच्या रविवारी त्या वाचनालयात आल्या. नव्या मुलीला पेपरांची मागची बाजू दिली, लूमचं सगळं समजावलं, वाक्य अर्धं ठेवायला सांगितलं. मग म्हणाल्या, "पण ज्याच्यासाठी लिहितेयस तो समोर बसला असेल ना बाळ, तर पुरं करून ऊठ."